किंमत-नफा गुणोत्तर : पोलाद आणि साबण ह्यांच्या तुलनेची मर्यादा

पनवेलनजीकच्या करंजाडे ह्या सिडकोच्या वसाहतीत वाण्याच्या दुकानात लक्स साबणाची वडी मागितली, तर वाणी वेष्टणावरील छापील किंमत पाहून पैसे घेतो. ती किंमत काल होती तीच आज असते, आणि बहुधा पुढल्या महिन्यातही तीच राहते. तेथून थोड्याच अंतरावर कळंबोलीचा लोखंड बाजार आहे. तेथे सळईचा किंवा पत्र्याचा भाव विचारला, तर व्यापारी प्रथम ‘आजचा’ हा शब्द उच्चारतो आणि मग आकडा सांगतो. एकच ग्राहक एकाच सकाळी ह्या दोन्ही ठिकाणी जाऊ शकतो. परंतु ‘किंमत’ हा शब्द ह्या दोन दुकानांत एकाच अर्थाने वापरला जातो असे म्हणणे कठीण आहे. जी गोष्ट किमतीची तीच नफ्याची. आणि ज्या गुणोत्तराच्या अंशस्थानी किंमत व छेदस्थानी नफा असतो, त्या गुणोत्तराने ह्या दोन धंद्यांची तुलना करावयाची झाल्यास हा अर्थभेद कोठे जातो, हे तपासण्याजोगे आहे.

शेअरच्या बाजारभावाला त्या शेअरच्या वाट्यास आलेल्या वार्षिक नफ्याने भागले असता जो आकडा मिळतो, त्यास बाजारात ‘पी-ई’ म्हणतात. त्याला मराठीत नेमके काय म्हणावे ह्याविषयी एकवाक्यता नाही, आणि हा केवळ परिभाषेचा प्रश्न नाही. ‘किंमत-उत्पन्न गुणोत्तर’ असे म्हटले तर ‘उत्पन्न’ ह्या शब्दात विक्रीपासून आलेली सारी रक्कमही सामावते. ‘मिळकत’ हा शब्द तर अधिकच फसवा आहे. नोकरदाराच्या तोंडी मिळकत म्हणजे वर्षाची कमाई. परंतु नगर भूमापन कार्यालयातील ‘मिळकत पत्रिका’ ही जागेची, म्हणजे स्थावर मालमत्तेची नोंद असते. वर्षानुवर्षे वाहत येणारी कमाई आणि एका जागी साठलेली मालमत्ता ह्या दोन्हींना एकच शब्द लावण्याची ही सवय भाषेची शिथिलता म्हणून हिणवण्याचे कारण नाही; पुढे दिसेल त्याप्रमाणे हिशेबाच्या वह्याही ह्या दोहोंत नेहमीच स्वच्छ भेद करू शकत नाहीत. तूर्त ‘किंमत-नफा गुणोत्तर’ हा शब्द त्यातल्या त्यात निर्दोष मानून तो वापरणे बरे.

आता उदाहरण. टाटा स्टील आणि हिंदुस्तान युनिलिव्हर ह्या दोन्ही कंपन्यांची मुख्य कार्यालये मुंबईतच आहेत आणि दोन्हींच्या शेअरांची नित्य उलाढाल होते. मार्च २०२२ अखेर टाटा स्टीलच्या शेअरचा भाव सुमारे १,३०० रुपये होता व त्या वर्षाचा प्रतिशेअर नफा, उपकंपन्या धरून, सुमारे ३३० रुपये होता. गुणोत्तर झाले चार. त्याच दिवशी हिंदुस्तान युनिलिव्हरचे गुणोत्तर सुमारे चोपन्न होते. ज्याने हे दोन आकडे शेजारी ठेवले त्याला पोलाद मातीमोल विकले जात आहे आणि साबणाला सोन्याचा भाव आला आहे असे वाटले असल्यास नवल नाही. मात्र मार्च २०२५ अखेरचे आकडे पाहावेत. टाटा स्टीलचे गुणोत्तर सुमारे छप्पन्न आणि हिंदुस्तान युनिलिव्हरचे सुमारे पन्नास! गुणोत्तर हाच जर स्वस्त-महागाचा निकष असेल, तर तीन वर्षांत पोलाद साबणाहून महाग झाले असे कबूल करावे लागेल. असा निष्कर्ष कोणीही सुज्ञ मनुष्य काढणार नाही. परंतु तो का काढू नये हे सांगताना बहुतेकांची भाषा अडखळते, आणि ‘पोलादाचा धंदा चढउताराचा आहे’ एवढ्यावर विषय आटोपला जातो.

हे गुणोत्तर निरर्थक आहे असे मात्र कोणी समजू नये. निरनिराळ्या धंद्यांची तुलना करतानाही ते एक गोष्ट खरोखर सांगते, आणि ती गोष्ट पुष्कळदा समजली जाते तशी ‘वाढीचा वेग’ नव्हे. दोन काल्पनिक कंपन्या घ्याव्यात. दोघींचा येत्या वर्षीचा नफा शंभर रुपये आहे, दोघींचा नफा दरसाल आठ टक्क्यांनी वाढणार आहे आणि भागधारक दोघींकडून बारा टक्के परताव्याची अपेक्षा करतात. फरक एवढाच की, पहिलीला गुंतविलेल्या प्रत्येक शंभर रुपयांवर ऐंशी रुपये नफा मिळतो, दुसरीला सोळा. पहिलीला आठ टक्के वाढ साधण्यासाठी नफ्यातले दहाच रुपये धंद्यात परत घालावे लागतात. नव्वद रुपये ती भागधारकांना वाटू शकते. दुसरीला पन्नास रुपये परत घालावे लागतात. वाटता येण्याजोग्या रकमेला अपेक्षित परतावा आणि वाढ ह्यांच्यातील चार टक्क्यांच्या अंतराने भागले म्हणजे पहिलीची किंमत २,२५० रुपये आणि दुसरीची १,२५० रुपये निघते. गुणोत्तरे साडेबावीस आणि साडेबारा. नफा तोच आणि वाढही तीच असताना केवळ ती वाढ किती भांडवल खाते ह्यावर गुणोत्तर जवळजवळ दुप्पट झाले. साबणाच्या कंपनीचे गुणोत्तर पोलादाच्या कंपनीपेक्षा एरवी कायम उंच असते ह्याचे मुख्य कारण हे आहे. एकीला नफ्याचा फार मोठा हिस्सा लाभांश म्हणून वाटता येतो. दुसरीला नवी भट्टी, नवी गिरणी आणि जुन्यांची डागडुजी ह्यांतच तो रिचवावा लागतो. गुणोत्तराच्या ठायी प्रकट होणारी खरी माहिती ही एवढी आणि मोलाची आहे.

परंतु ह्या उदाहरणात एक गृहीत दडलेले आहे. छेदस्थानीचा शंभर रुपयांचा नफा हा त्या धंद्याचा नेहमीचा नफा आहे, असे तेथे धरून चाललो. साबणाच्या बाबतीत हे गृहीत बरेचसे खरे ठरते. २०१९-२० पासून २०२४-२५ पर्यंतच्या सहा वर्षांत हिंदुस्तान युनिलिव्हरचा नफा सुमारे पावणेसात हजार कोटींवरून साडेदहा हजार कोटींच्या पलीकडे, पायरीपायरीने, एकही पायरी खाली न उतरता गेला. टाटा स्टीलचा त्याच सहा वर्षांचा एकत्रित हिशेब असा आहे : प्रथम सुमारे १,१७० कोटी, मग ८,१९० कोटी, मग २०२१-२२ मध्ये ४१,७५० कोटी, पुढील वर्षी ८,०७५ कोटी, २०२३-२४ मध्ये ४,९१० कोटींचा तोटा आणि २०२४-२५ मध्ये ३,१७५ कोटी. पहिल्या मालिकेतून कोणतेही एक वर्ष उचलले तरी ते इतर वर्षांचे बऱ्यापैकी प्रतिनिधित्व करील. दुसरीतून कोणतेही वर्ष उचलले तरी ते कोणाचेच प्रतिनिधित्व करीत नाही.

२०२१-२२ चा तो अपूर्व नफा कोठून आला हे सर्वज्ञात आहे. साथीनंतर जगभर मागणी एकदम उसळली, चीनने आपल्या उत्पादनाला आवर घातला आणि पोलादाचे भाव चढले; खाणी पूर्वीच्याच, भट्ट्या पूर्वीच्याच, कामगारही पूर्वीचेच, त्यामुळे चढलेल्या भावाचा मोठा भाग सरळ नफ्यात उतरला. मे २०२२ मध्ये सरकारने पोलादाच्या निर्यातीवर पंधरा टक्के कर बसविला व तो नोव्हेंबरमध्ये उठविला. मधल्या काळात भावही उतरले आणि परदेशातून आणाव्या लागणाऱ्या कोकिंग कोळशाने खर्च वाढविला. बाजाराने हे सारे आधी ताडले होते काय? कंपनीच्या सर्व शेअरांची एकूण किंमत पाहिली तर ह्या प्रश्नाचे उत्तर मिळते. मार्च २०२२ मध्ये ती सुमारे एक लाख साठ हजार कोटी रुपये होती. मार्च २०२४ मध्ये, म्हणजे तोट्याचे वर्ष संपताना, सुमारे एक लाख पंचाण्णव हजार कोटी. (जुलै २०२२ मध्ये एका शेअरचे दहा शेअर झाल्यामुळे प्रतिशेअर भावाची तुलना करताना पुष्कळांचा गोंधळ उडतो, म्हणून येथे एकूण किंमत घेतली आहे.) नफ्याच्या जागी तोटा आला आणि किंमत उलट काहीशी वाढली. गुणोत्तर चारावरून अर्थशून्यतेस पोहोचले ते छेद कोसळल्यामुळे. अंश आपल्या जागी जवळजवळ स्थिर होता. बाजार चढत्या वर्षाच्या नफ्याला नेहमीचा नफा मानण्यास तयार नव्हता, एवढेच त्या ‘चार’ ह्या आकड्यातून निष्पन्न होते. स्वस्ताईशी त्याचा संबंध जोडणे हे वाचनाचे पाप आहे, आकड्याचे नव्हे.

नफा तात्पुरता घसरला की गुणोत्तर फुगते आणि नफा तात्पुरता चढला की ते आक्रसते, ही गोष्ट निकोलस मोलोडोव्हस्की ह्यांनी १९५३ मध्येच मांडली होती. त्याही आधी, १९३४ मध्ये, बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड ह्यांनी एका वर्षाच्या नफ्याऐवजी पाच, सात किंवा शक्य तर दहा वर्षांची सरासरी घ्यावी असे सुचविले होते. ती सूचना येथे लावून पाहण्यासारखी आहे. वरील सहा वर्षांची टाटा स्टीलची सरासरी सुमारे ९,५७५ कोटी येते. मार्च २०२२ च्या किमतीला तिने भागल्यास गुणोत्तर चार न राहता सतराच्या आसपास जाते. हिंदुस्तान युनिलिव्हरचे गुणोत्तर त्याच रीतीने काढले तर चोपन्नाचे त्रेपन्न होते, म्हणजे जवळजवळ हलतच नाही. सरासरीची कसोटी ज्या धंद्याला लागत नाही त्याला ती न लावली तरी चालते, आणि ज्याला लागते त्याचा आकडा ती चौपट करून टाकते.

तथापि सरासरीवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. ह्याच सहा वर्षांतून २०२१-२२ हे एक वर्ष वगळले, तर उरलेल्या पाच वर्षांची सरासरी ३,१४० कोटींवर येते आणि तेच गुणोत्तर एक्कावन्न होते. ते वर्ष ठेवावे की गाळावे? असे वर्ष पुन्हा दहा वर्षांत एकदा येणार असेल तर सहा वर्षांच्या सरासरीत त्याला एक षष्ठांश स्थान देणे जास्तच उदारपणाचे आहे, आणि कधीच येणार नसेल तर ते ठेवणेच चूक आहे. ह्याचा निर्णय अंकगणित करीत नाही. तो पोलादाच्या जागतिक बाजाराविषयीचा निर्णय आहे. शिवाय वरील सरासरीत २०२२ नंतरची वर्षेही आहेत, जी त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हती, असा आक्षेप येईल व तो रास्त आहे. परंतु मार्च २०२२ मध्ये मागे वळून पाहणाऱ्यालाही २०१२-१३, २०१४-१५, २०१५-१६ आणि २०१६-१७ ह्या चार वर्षांचे एकत्रित तोटे ताळेबंदात दिसत होतेच. ‘चार’ ह्या आकड्याबद्दल संशय घेण्यास तेवढी सामग्री पुरेशी होती.

आता मार्च २०२५ च्या छप्पन्नाकडे वळावे. कारण ते छप्पन्न साबणाच्या पन्नासाशी दिसायला समान असले तरी त्याची घडण अगदी निराळी आहे. त्या वर्षी व्याज, घसारा आणि कर वजा होण्यापूर्वी टाटा स्टीलचा एकत्रित नफा सुमारे पंचवीस हजार कोटी रुपयांचा होता. त्यातून घसाऱ्यापोटी दहा हजार कोटींहून अधिक आणि व्याजापोटी सात हजार कोटींहून अधिक गेले. उरले त्यातून भारतातील नफ्यावरचा कर भरावा लागला. ब्रिटनमधील तोटा त्या करातून वजा मिळत नाही. अखेरीस जे उरले ते तीन हजार कोटींच्या घरातले. छेदस्थानी बसलेली रक्कम ही अशी साऱ्या वजाबाक्यांनंतरची पातळ साय आहे. पोलादाच्या भावात थोडीशी सुधारणा होऊन मूळचे पंचवीस हजार कोटी दहा टक्क्यांनी वाढले, तर करापूर्वीच्या हिशेबात अडीच हजार कोटींची भर पडते आणि छप्पन्नाचा आकडा तिशीच्या आसपास उतरू शकतो. साबणाच्या पन्नासाला दहा टक्के अधिक नफ्याने पंचेचाळिसाच्या खाली आणणे शक्य नाही.

त्यातही आणखी एक गोम आहे. टाटा स्टीलने २००७ साली कोरस ही युरोपीय कंपनी विकत घेतली, आणि तेव्हापासून जमशेदपूरचा नफा व पोर्ट टॅलबॉटचा तोटा एकाच हिशेबात मिसळत आले आहेत. पोर्ट टॅलबॉटच्या दोन्ही झोतभट्ट्या २०२४ मध्ये बंद झाल्या, आणि त्या निर्णयाचा एकदाच यावयाचा मोठा खर्च २०२३-२४ च्या तोट्यास मुख्यतः कारण झाला. २०२४-२५ मध्ये एकट्या भारतीय कंपनीच्या स्वतंत्र हिशेबातील नफा सुमारे चौदा हजार कोटी होता. त्या नफ्याने भागले तर, भाव तोच आणि दिवसही तोच असताना, गुणोत्तर छप्पन्न न येता चौदा येते. दोन्ही आकडे खरे आहेत, कारण दोन्ही नफे लेखापरीक्षित आहेत. तुलनेच्या तक्त्यात मात्र एकच रकाना असतो, आणि त्यात ह्यांतला कोणता आकडा उतरविला आहे हे कित्येकदा तळटिपेतही सांगितलेले नसते. हिंदुस्तान युनिलिव्हरच्या बाबतीत स्वतंत्र आणि एकत्रित नफ्यांत फारसे अंतर नाही. त्यामुळे ही उणीव एका रांगेत दडून राहते आणि दुसरीत अनर्थ करते.

कर्जाचा परिणाम तर आणखी चमत्कारिक असतो. टाटा स्टीलवर मार्च २०२५ मध्ये सुमारे ब्याऐंशी हजार कोटींचे निव्वळ कर्ज होते. हिंदुस्तान युनिलिव्हरवर सांगण्याजोगे कर्ज नाही. अंशस्थानी फक्त शेअरांची किंमत येते, कर्ज येत नाही. छेदस्थानी मात्र त्या कर्जाचे व्याज वजा झालेले असते. कर बाजूला ठेवून पाहावे : हजार रुपये किमतीच्या धंद्याला वर्षास शंभर रुपये नफा होतो, म्हणजे गुणोत्तर दहा. त्यातील पाचशे रुपये आठ टक्के व्याजाच्या कर्जाचे केले तर शेअरांची किंमत पाचशे, नफा साठ, आणि गुणोत्तर साडेआठच्या खाली. आता तोच शंभर रुपयांचा नफा चार हजार रुपये किमतीच्या धंद्याचा आहे असे समजावे, गुणोत्तर चाळीस. तेथे हजार रुपयांचे कर्ज केले तर किंमत तीन हजार, नफा वीस, आणि गुणोत्तर दीडशे. कर्जाने एकाचे गुणोत्तर खाली आणले आणि दुसऱ्याचे आकाशाला भिडविले, धंद्यात तिळमात्र फरक न पडता.

येथवर दोष पोलादाच्या पदरात पडले. साबणाचा छेद निर्मळ आहे असा समज होऊ नये म्हणून त्याकडेही पाहिले पाहिजे. पोलादाची भट्टी बांधताना झालेला खर्च त्या वर्षीच्या नफ्यातून वजा होत नाही; तो मालमत्ता म्हणून ताळेबंदात जातो आणि घसाऱ्याच्या रूपाने वीस-पंचवीस वर्षे हळूहळू नफ्यात उतरतो. लक्स किंवा सर्फ हे नाव गिऱ्हाइकाच्या मनात बांधण्यासाठी होणारा जाहिरातीचा खर्च मात्र त्याच वर्षी पुरता वजा करावा लागतो. स्वतः घडविलेल्या नाममुद्रेला मालमत्ता मानण्याची लेखानियमांची परवानगी नाही. हिंदुस्तान युनिलिव्हरचा हा खर्च २०२३-२४ मध्ये सहा हजार कोटींहून अधिक होता. त्यातला काही भाग निःसंशय त्याच वर्षी विकून संपतो, पण काही भाग भट्टीइतकाच टिकाऊ असतो. तो तसा धरला तर, खर्च वाढता असताना, नफा दाखविला त्याहून अधिक आणि गुणोत्तर त्याहून कमी येईल.

ही लेखानियमांची विसंगती १ एप्रिल २०२० रोजी एकदम उघडी पडली. त्या दिवशी ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कन्झ्युमर हेल्थकेअर ही हॉर्लिक्सवाली कंपनी हिंदुस्तान युनिलिव्हरमध्ये विलीन झाली. विकत घेतलेल्या नाममुद्रेला मात्र मालमत्ता मानता येत असल्यामुळे, कंपनीचे ताळेबंदातील स्वतःचे भांडवल सुमारे आठ हजार कोटींवरून सत्तेचाळीस हजार कोटींच्या वर गेले. भांडवलावरील नफ्याचे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या वरून वीस टक्क्यांच्या खाली आले. वाण्याच्या फळीवर सर्फची पुडी आणि हॉर्लिक्सची बरणी शेजारीशेजारी आहेत. ताळेबंदात एकीचे नाव हजारो कोटींचे आणि दुसरीचे शून्य. किंमत-नफा गुणोत्तर ह्या साऱ्या उलथापालथीत जवळजवळ निर्विकार राहिले, कारण भांडवल हे त्याच्या ना अंशात आहे ना छेदात. वर दिलेल्या काल्पनिक उदाहरणात गुणोत्तराचा सारा अर्थ भांडवलावरील नफ्याच्या प्रमाणावर तोललेला होता. आणि येथे ते प्रमाण एका दिवसात चौथाईवर आले तरी गुणोत्तराला त्याचा पत्ता नाही. त्यामुळे कंपनी खरोखरच इतके भांडवल खाऊ लागली आहे की केवळ वहीत चढविलेल्या नावांनी तसे दिसते आहे, हे ठरविण्यास वाचकाला विलीनीकरणाआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही ताळेबंद समोर घेऊन, नावांची रक्कम वगळून, ते प्रमाण पुन्हा मांडावे लागते. तसे मांडले असता साबणाचा धंदा पूर्वीइतकाच अल्पभांडवली असल्याचे दिसते. हॉर्लिक्ससाठी दिलेली किंमत वसूल झाली की नाही, हा मात्र त्याहून निराळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर विलीनीकरणाच्या वेळी जे नवे शेअर द्यावे लागले त्यांची संख्या हिशेबात धरून प्रतिशेअर नफा पुढे कसा वाढला, ह्यावरून शोधावे लागेल.